सातबाऱ्यावर नाव चुकलं, क्षेत्र चुकलं, तर अर्ज नेमका कोणाकडे?

महाराष्ट्रात २०२५ च्या एप्रिलपासून जिवंत सातबारा मोहीम राज्यभर सुरू झाली, म्हणजे ज्या सातबाऱ्यांवर अजून वारलेल्या माणसांची नावं आहेत ती काढून वारसांची लावायची. आपल्या इंदूरमध्ये राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग इथल्या बऱ्याच मराठी घरांची थोडीफार शेती अजून जळगाव, धुळे, बुलढाण्याकडे आहे आणि तिकडचा भाऊ किंवा पुतण्या ती बघतो. मोहिमेमुळे झालं काय, की कित्येक वर्षं कोणी न पाहिलेला उतारा अचानक व्हॉट्सअपवर आला आणि लोकांनी चष्मा लावून वाचला, तर कोणाचं नाव वेगळंच, कोणाच्या बहिणीचं नावच नाही, कोणाची जमीन एकराने कमी. मग फोनाफोनी, आणि प्रत्येकजण वेगळं सांगतो. तलाठ्याकडे जा, नाही नाही तहसीलदारकडे जा, छे ते सगळं कोर्टात जातं.

खरं म्हणजे तिघंही थोडे थोडे बरोबर असतात. चूक कुठल्या कागदावर झाली यावर ऑफिसर ठरतो, आणि हे न बघता अर्ज टाकला की सहा महिन्यांनी उत्तर येतं "हे आमच्या अधिकारात नाही". म्हणून इथे एकच उतारा घेऊन बोलू. राजेंद्र नगरमधले एक काका आहेत, त्यांची वडिलोपार्जित जमीन जळगाव जिल्ह्यात, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नावंही बदललीयत. त्यांच्या एका सातबाऱ्यावर तीन चुका होत्या आणि तिन्हींचा रस्ता वेगळा निघाला.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो. आपण इकडे पटवारी, खसरा, नामांतरण या भाषेत विचार करतो, पण जमीन महाराष्ट्रात असेल तर इथल्या तहसीलचा किंवा एसडीएमचा काही संबंध नाही. तिथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चालते. इंदूर जिल्ह्यातल्या जमिनीचा खसरा चुकला असेल तर मात्र मध्य प्रदेशच्या १९५९ च्या संहितेचं कलम ११५ बघायचं आणि अर्ज इथल्या एसडीएमकडे, आणि पाच वर्षांपेक्षा जुनी नोंद असेल तर कलेक्टरची लेखी परवानगी लागते. तो वेगळा विषय, आता पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याबद्दल.

सातबारा बनतो कशावरून

सातबाऱ्याला बँकेच्या पासबुकासारखं समजा. पासबुकात जी ओळ छापली जाते ती कुठल्यातरी व्हाउचरवरून येते. सातबाऱ्यावरच्या नावांसाठी ते व्हाउचर म्हणजे फेरफार, गाव नमुना ६ मधली नोंद. कोणी विकत घेतलं, कोणी वारलं, वाटणी झाली, बोजा चढला, प्रत्येक गोष्टीला एक फेरफार नंबर पडतो आणि सातबाऱ्यावर नावाजवळ तोच नंबर छोट्या गोलात किंवा कंसात छापलेला असतो. क्षेत्राचं व्हाउचर वेगळं आहे, ते म्हणजे आकारबंद, आणि तो महसूल खात्याकडे तयार होत नाही, भूमी अभिलेख खात्याकडे तयार होतो, ज्याला लोक अजून सर्व्हे ऑफिस किंवा मोजणी ऑफिस म्हणतात.

म्हणजे उताऱ्यावर चूक दिसली की पहिलं काम अर्ज लिहिणं नाही. पहिलं काम व्हाउचर काढणं. व्हाउचर बरोबर असून पासबुकात चुकीचं छापलं असेल तर ती लिहिण्यातली चूक, आणि व्हाउचरच चुकीचं असेल तर भांडण व्हाउचरशी, ते मंजूर करणाऱ्याच्या वरच्या ऑफिसरकडे.

कागद इंदूरमध्ये बसून निघतात, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. नुसता बघण्यापुरता सातबारा bhulekh.mahabhumi.gov.in वर फुकट दिसतो. अर्जाला जोडायला डिजिटल सहीचा लागतो, तो digitalsatbara.mahabhumi.gov.in वर १५ रुपयांत मिळतो, तिथेच ८-अ, म्हणजे एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र दाखवणारा उतारा, आणि फेरफारही मिळतात. जुने हाताने लिहिलेले सातबारे आणि जुने फेरफार स्कॅन करून aapleabhilekh.mahabhumi.gov.in वर टाकलेत. सगळ्या गावांचं सगळं तिथे सापडेलच असं नाही, नाही सापडलं तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल मागवायची.

काकांनी तेच केलं. आजचा सातबारा, वारसाचा फेरफार, आणि संगणक यायच्या आधीचा हाताने लिहिलेला सातबारा, तिन्ही समोर ठेवले आणि मग चुका आपोआप वेगळ्या झाल्या.

पहिली चूक, नाव: मधुकरचा मधुसूदन झाला

काकांचं नाव समजा मधुकर. सातबाऱ्यावर आलं मधुसूदन. वारसाच्या अर्जात भावाने मधुकर लिहिलेलं, फेरफारातही मधुकर, फक्त फेरफारावरून सातबाऱ्याला नाव ओढताना गडबड झाली. ही शुद्ध लिहिण्यातली चूक, आणि याच्यासाठी संहितेचं कलम १५५ आहे. ते कलम म्हणतं की लेखनातल्या चुका, आणि संबंधित सगळ्या लोकांनी मान्य केलेल्या चुका, कलेक्टर कधीही दुरुस्त करू शकतो. कायद्यात नाव कलेक्टरचं, पण हे अधिकार खाली तहसीलदाराला दिलेले आहेत त्यामुळे अर्ज तहसीलदाराच्या नावाने करायचा. "कधीही" हा शब्द महत्त्वाचा, वीस वर्षं जुनी लेखनाची चूक असली तरी मुदत संपली असं कोणी म्हणू शकत नाही.

अर्जात लोक घराण्याचा इतिहास लिहितात, आजोबांनी कसा घाम गाळला वगैरे. कोणी वाचत नाही. काकांच्या अर्जातला कामाचा भाग एवढाच होता: "वारस फेरफारात माझे नाव मधुकर असे मंजूर आहे. सदर फेरफाराचा अंमल सातबाऱ्यावर घेताना ते मधुसूदन असे नोंदले गेले आहे. मंजूर फेरफाराप्रमाणे दुरुस्ती व्हावी, ही विनंती." वर गट नंबर, खाते नंबर, फेरफार नंबर. सोबत चालू सातबारा, फेरफाराची नक्कल, ८-अ, आधार. असा अर्ज क्लार्कला एका मिनिटात कळतो, कारण बरोबर काय आणि चूक काय हे त्यांच्याच रेकॉर्डमध्ये दिसतंय, तुमच्या म्हणण्यावर काही नाही.

त्यानंतर तहसीलदार तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल मागवतो (तलाठ्याच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात तलाठीच म्हणतात, मीही इथे तेच लिहितोय). त्या गटातल्या बाकी खातेदारांना नोटीस जाते, कोणी हरकत घेतली नाही तर आदेश होतो.

इथे एक फाटा आहे. समजा फेरफारातच मधुसूदन असतं, आणि फेरफार ज्या खरेदीखतावरून झाला त्या खरेदीखतातही मधुसूदन असतं तर? तर तहसीलदार काही करू शकत नाही, कारण त्याने बरोबरच उतरवलंय. तेव्हा आधी दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसात, दोन्ही पार्टींनी चूक दुरुस्ती पत्र नोंदवायचं आणि त्यावरून नवीन फेरफार घ्यायचा. बरेच लोक याच ठिकाणी अडकतात, सातबारा धरून तहसीलच्या चकरा मारत राहतात आणि चूक बसलेली असते खरेदीखतात.

आणि इकडच्या लोकांची एक खास अडचण. आपल्या आधारवर, मार्कशीटवर नाव हिंदी पद्धतीने, कधी मागे राव लावलेलं, कधी वडिलांचं नाव मध्ये नाहीच. तिकडच्या सातबाऱ्यावर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तीन भागांत. हा फरक म्हणजे सातबाऱ्यातली चूक नाही, त्यासाठी दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबत जोडायचं.

दुसरी चूक, क्षेत्र: १.६२ चं १.२६

ही चूक मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली कारण ती पकडायची कशी ते यात दिसतं. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर लागवडीचं क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारा भाग ४ आर, एकूण १ हेक्टर ६६ आर. संगणकाच्या सातबाऱ्यावर लागवड १.२६, पोटखराबा ०.०४, एकूण १.३०. आकडे उलटे टाइप झाले आणि एकूण बेरीज सिस्टिमने आपोआप कमी केली, त्यामुळे उतारा वरवर बघितला तर कुठेच विसंगती नाही, बेरीज जुळतेय.

तिकडचं माप बिघ्यात नसतं म्हणून हिशोब सांगतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, आणि एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर, म्हणून आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच धरतात. घरात सगळे म्हणत आले की आपली चार एकर, चार एकर म्हणजे १ हेक्टर ६२ आर, बरोबर. उताऱ्यावर कमी झालेले ३६ आर म्हणजे साडेपस्तीस गुंठे, पाऊण एकराच्या वर.

टायपिंगची चूक आहे हे कशावरून म्हणायचं? दोन गोष्टींवरून. एक म्हणजे मधल्या काळात क्षेत्र कमी करणारा एकही फेरफार नव्हता, ना विक्री, ना वाटणी, ना रस्त्यासाठी संपादन. जमीन कागदावरून कमी व्हायची तर कुठलातरी फेरफार पाहिजेच, पासबुकात पैसे गेले आणि स्लिपच नाही असं कसं. दुसरी खूण बारीक आहे पण पक्की. क्षेत्राच्या खाली आकारणी छापलेली असते, सरकारी साऱ्याची रक्कम, काही रुपये काही पैसे. ती जुन्या उताऱ्यावर होती तेवढीच नव्यावर. खरंच तुकडा कमी झाला असता तर त्या प्रमाणात आकारणीही कमी झाली असती. काकांना ती ओळ दाखवली तेव्हा म्हणाले, "अरे हे तर मी कधी वाचलंच नव्हतं, दोन-चार रुपयांची गोष्ट म्हणून." पुरावा मात्र त्याच ओळीत होता.

क्षेत्राच्या अर्जात अजून एक कागद लागतो, आकारबंदाचा उतारा. तो तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या ऑफिसात मिळतो. तिथे गटाचं क्षेत्र १.६६ निघालं. आकारबंद १.६६, जुना सातबारा १.६६, नवा १.३०, मधे फेरफार नाही. आता हेही कलम १५५ मध्येच बसतं, तहसीलदार उपअधीक्षकाचा अभिप्राय घेतो आणि आदेश देतो. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबाऱ्यातला फरक दुरुस्त करायचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून, pdeigr.maharashtra.gov.in वरून, ऑनलाइनही टाकता येतो. मी मात्र सांगीन की ऑनलाइन टाकला तरी त्याची प्रिंट आणि जोडलेले कागद तहसीलच्या आवक टेबलावर देऊन शिक्का मारून घ्या, पुढे विचारायला एक आवक नंबर हातात राहतो.

पण सगळ्याच क्षेत्राच्या चुका अशा सोप्या नसतात. आकारबंदच चुकीचा असला, म्हणजे मूळ मोजणीत किंवा गुणाकारात चूक झाली असली, तर तहसीलदाराच्या हातात काही नाही. तो सातबारा आकारबंदाशी जुळवणार आणि तो तर जुळतोय. त्यासाठी संहितेचं कलम १०६ आहे, आणि चूक एकत्रीकरणाच्या वेळी, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडताना, झाली असेल तर १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याचं कलम ३१-अ किंवा ३२. दोन्हीकडे सुरुवात भूमी अभिलेख ऑफिसातून होते आणि निर्णय त्यांच्या वरच्या ऑफिसरकडे जातो. याला वेळ लागतो आणि शेजारच्या गटवाल्यांनाही नोटीस जाते, कारण तुमचं वाढलं तर कोणाचं तरी कमी होणार.

आणि तिसरा प्रकार, कागदावर सगळं बरोबर पण जमिनीवर कमी भरतं. ती सातबाऱ्याची चूक नाहीच, ती हद्दीची भानगड. तिथे मोजणीचा अर्ज करायचा, मोजणी पटली नाही तर निमताना, म्हणजे वरच्या ऑफिसरकडून फेरमोजणी मागायची. बांध शेजाऱ्याने कोरला असेल तर सातबारा दुरुस्त करून काय होणार.

तिसरी चूक, बहिणीचं नावच नाही

ही खरी अवघड. काकांचे वडील वारले, मागे दोन भाऊ आणि एक बहीण, ती खंडव्याला दिलेली. गावातल्या मोठ्या भावाने वारसाचा अर्ज दिला त्यात फक्त दोघा भावांची नावं, आणि तसाच फेरफार मंजूर झाला. विचारलं तर म्हणे ताईला काही नकोय. नकोय असेलही, पण ते तिने म्हणायचं, आणि हक्क सोडायचा तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, तोंडी नाही चालत. वडिलांच्या मागे मुलीचा हक्क मुलाइतकाच, वडिलोपार्जित मिळकतीतही हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर ती जन्माने वाटेकरी आहे.

इथे लोक म्हणतात की हीसुद्धा चूकच ना, टाका १५५ चा अर्ज. नाही चालत. इथे व्हाउचरमध्येच दोन नावं आहेत आणि पासबुकात दोनच उतरलीत, लिहिण्यात काहीच चुकलं नाही. कोणाचा हक्क आहे, कोणाचा नाही हा निर्णय १५५ खाली करता येत नाही, असं हायकोर्टाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. कोणी तसा आदेश मिळवलाच तर तो अपिलात उडतो.

मग हरकत कोण ऐकतं? ते फेरफार कुठल्या स्टेजला आहे यावर. तलाठी फेरफार लिहितो तेव्हा कलम १५० खाली त्याने संबंधितांना नोटीस द्यायची असते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. या दिवसांत हरकत आली तर तलाठ्याने ती विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे ६-अ मध्ये, चढवायची आणि पोच द्यायची. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करून टाकतो. हरकत असेल तर सुनावणी होते, कायदा म्हणतो की ती ऐकणारा अव्वल कारकुनापेक्षा खालच्या दर्जाचा नको आणि शक्यतो वर्षाच्या आत निकाल लावायचा. प्रत्यक्षात फाइल मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार किंवा तहसीलदार यांच्यापैकी कोणाकडे तरी चालते, नोटिशीवर कोणाचं नाव आहे ते बघायचं. तलाठी फक्त लिहून घेतो, निर्णय त्याचा नसतो. त्यामुळे "मी तलाठ्याला फोन करून सांगितलंय" म्हणजे हरकत झाली असं धरून चालू नका, लेखी द्या आणि पोच मागा.

बाहेरगावच्या लोकांना नोटीस पोचत नाही ही नेहमीची रड आहे. गावातला पत्ता असतो, नोटीस भाऊ घेतो. याच्यावर एक उपाय म्हणजे महाभूमीच्या साइटवर आपली चावडी नावाचं पान आहे, जिल्हा, तालुका, गाव टाकलं की सध्या कुठले फेरफार धरलेत आणि हरकतीची मुदत कधीपर्यंत आहे ते दिसतं. घरात कोणी वारलं असेल आणि गावाकडे जमीन असेल तर पुढचे काही महिने मधूनमधून ते उघडून बघत जा, फुकट आहे.

काकांच्या बहिणीच्या बाबतीत ही मुदत गेलेली होती, नोंद मंजूर झालेली. मंजूर नोंदीवर रस्ता एकच, कलम २४७ खाली अपील, आणि ते उपविभागीय अधिकाऱ्याकडे, ज्याला तिकडे सगळे प्रांत म्हणतात. प्रांताचं ऑफिस तालुक्याच्या गावीच असेल असं नाही. उदाहरणार्थ रावेर आणि यावल दोन्ही तालुक्यांचा प्रांत फैजपूरला बसतो, रावेरला उतरून विचारत बसू नका. अपिलाची मुदत ६० दिवस, आणि मंजुरीला तेव्हा दीड महिना झालेला, म्हणजे घाई होती. ६० दिवस उलटले असते तरी दार बंद होत नाही, कलम २५१ खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत द्यायचा आणि उशीर का झाला ते पटवायचं. नोटीस मिळालीच नाही, नोंद झाल्याचं अमुक तारखेला कळलं, हे कारण चालतं, पण कळल्यावरही वर्षभर गप्प बसलात तर अवघड जातं. म्हणून व्हॉट्सअपवर सातबारा आला तो मेसेज डिलीट करू नका, कळल्याची तारीख त्याच्यावर आहे.

प्रांत दोन्ही बाजूंना बोलावतो, वारसांची माहिती बघतो आणि बहुतेक वेळा एकतर फेरफार रद्द करून सगळ्या वारसांची नोंद घ्यायला सांगतो किंवा पुन्हा चौकशीला खाली पाठवतो. प्रांताचा निकाल पटला नाही तर पुढचं अपील जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याकडे.

भाऊ तयार असेल तरीसुद्धा अपीलच?

हा प्रश्न काकांनीच विचारला, कारण मोठा भाऊ वाईट माणूस नाही, म्हणाला, "मला काय माहीत, ताईचं नाव लावायचं असतं, लावा की." मग बघा, कलम १५५ मध्ये दुसरा भाग होता, संबंधित सगळ्यांनी मान्य केलेली चूक. तिघांनी मिळून लेखी दिलं की वारसात बहिणीचं नाव राहून गेलं आणि ते आम्हाला मान्य आहे, तर कलमाच्या शब्दांत ते बसतं. काही तहसीलदार यावर आदेश देतात. काही म्हणतात हा हक्काचा विषय आहे, प्रांताकडूनच आणा. म्हणून माझं मत असं की संमतीचा अर्ज करायचा असला तरी ६० दिवस संपायच्या आत अपील दाखल करून ठेवायचं, आणि सगळ्यांची संमती त्याच अपिलात लेखी द्यायची. संमती असलेलं अपील लवकर संपतं, आणि तहसीलदाराने नाही म्हटलं तर तोपर्यंत मुदत गेलेली नसते. बहिणीने तेच केलं.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला का

नाही गेला. सातबारा साऱ्याच्या वसुलीसाठीचं रेकॉर्ड आहे, कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी सातबाऱ्याने येत नाही आणि जातही नाही, सुप्रीम कोर्टानेही अनेकदा हेच म्हटलंय. म्हणून हिस्साच कोणी नाकारत असेल, मृत्युपत्र खरं की खोटं असा वाद असेल, दत्तक होता की नाही असं काही असेल, तर ते दिवाणी कोर्टात, प्रांतापुढे नुसतं नोंदीचं ठरतं. कोर्टाचा हुकूमनामा आला की त्यावरून फेरफार होतो.

मग कशाला एवढी धावपळ, असं कोणी म्हणेल. कारण नाव नसताना दोन भावांनी जमीन विकली तर घेणारा सातबारा बघूनच घेणार, आणि मग भांडण भावाशी राहत नाही, अनोळखी माणसाशी होतं. कर्ज, पीक विमा, संपादनाची भरपाई हे सगळं आधी उताऱ्यावरचं नाव बघून येतं.

इंदूरहून दर तारखेला जायचं का

प्रत्येक वेळी नाही. तिकडचा वकील केला तर वकीलपत्रावर तो हजर राहतो. तहसीलदारापुढच्या साध्या दुरुस्तीला वकील लागतच नाही, एकदा जाऊन अर्ज आणि कागद नीट देऊन आलात आणि नोटिशीच्या तारखेला हजर राहिलात की झालं. अर्जावर इंदूरचा पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर लिहा, गावाचा पत्ता लिहून दिला तर पुन्हा नोटीस दुसऱ्याच्याच हातात. प्रांताकडच्या अपिलाला मात्र वकील करावा असं मी म्हणीन, विशेषतः उशीर झाला असेल तर.

"तलाठी म्हणतो मी करून देतो, अर्जाची काय गरज," हेही बरेचदा ऐकू येतं. मंजूर झालेली नोंद तलाठ्याला स्वतःच्या मनाने बदलता येत नाही. आदेशाशिवाय कोणी करून देत असेल तर ते करून घेऊ नका, उद्या कोणी तपासलं की तीच नोंद बेकायदेशीर म्हणून निघेल आणि तुमचाच कागद खराब होईल.

आदेश मिळाला, आता सातबारा बदलला का

नाही, इथे लोक निर्धास्त होतात. तहसीलदाराचा आदेश झाला की त्या आदेशाचा पुन्हा एक फेरफार घातला जातो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो, आणि तेव्हा कुठे सातबारा बदलतो. आदेश फाइलमध्ये आणि सातबारा जुनाच, असं सर्रास राहून जातं. म्हणून आदेशाची नक्कल घेऊन एक प्रत तलाठ्याला पोच घेऊन द्यायची, फेरफार नंबर पडला का ते विचारायचं, आणि मंजूर झाल्यावर १५ रुपये भरून नवीन डिजिटल सातबारा काढायचा. त्यात नाव, क्षेत्र, आकारणी, फेरफार नंबर चारही बघायचं, आणि सोबत ८-अ पण काढायचा, कारण ८-अ वर खातेदाराची सगळी जमीन एकत्र येते, आणि एका गटाचं क्षेत्र सुधारलं की तिथली बेरीजही बदललेली दिसली पाहिजे.

काकांचं नाव आणि क्षेत्र दोन्ही एकाच आदेशात सुधारलं, नव्या उताऱ्यावर १.६२ आणि मधुकर आलं. ८-अ वर मात्र पहिल्यांदा जुनंच मधुसूदन होतं आणि त्या नावाचं वेगळं खातं तयार झालेलं, ते पुन्हा तलाठ्याला दाखवून काढून घ्यावं लागलं. बहिणीचं अपील प्रांताकडे चालू आहे, भावांची संमती लेखी दिलेली आहे. ते सुटलं की तिसरा फेरफार पडेल, आणि मग तिघांच्या खात्यातले हिस्से बरोबर लागलेत का ते तपासायचं काम उरेल.